रविराजची किल्ली

यंदा निफाडच्या द्राक्षमळ्यात पोचताच ठरलं: मी थेंबही घेणार नाही, ज्ञानेशच्या गाडीतून सगळ्यांना मीच सोडणार, बाकीच्या गाड्या उद्या न्यायच्या. पहिला ग्लास भरण्याआधीच ज्ञानेश, मंजुषा आणि समर्थने आपापल्या किल्ल्या माझ्या डब्यात टाकल्या. झाकण लावून डबा मी दुपारभर मांडीवर ठेवला.

गेल्या वर्षी हे आम्ही जेवणानंतर ठरवलं होतं. सगळ्यात कमी प्यायलेला गाडी चालवेल, म्हणजे रविराज. मी अजिबात घेतली नव्हती, म्हणून किल्ली मागितली. त्याने मूठ मिटली.

"दोनच ग्लास झालेत, साधना. तू आत्ता कुठे चालवायला शिकलीयस."

सगळे हसले. मी हात मागे घेतला.

आम्हाला इंदिरानगरला सोडून तो एकटाच एकलहऱ्याला निघाला. घरी पोचला नाही. ती किल्ली आता त्याच्या आईच्या कपाटात असते.

निघताना मी झाकण उघडलं. आत चार किल्ल्या होत्या.

चौथीला रविराजचं पितळी घुंगरू होतं.

मी ती उचलली. ती गरम होती, कुणीतरी आत्ताच मूठ उघडून दिल्यासारखी.