पहिली वर्गणी

माजी विद्यार्थी संघाचं दिवाळी स्नेहमेळाव्याचं पत्र मीच लिहिलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुखेडच्या शाळेत जमायचं, वर्गणी तीनशे, खाली माझा क्यूआर कोड. शेवटी दिवंगत वर्गमित्रांची नावं, त्यांच्या फोटोंना हार घालायचे म्हणून. पत्र संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. तासाभरात तीनशे रुपये जमा झाले. पाठवणाऱ्याचं नाव वाचून हातातला चहा सांडला. चंद्रप्रभा! दिवंगतांत पहिलंच नाव तिचं. दोन वर्षांपूर्वी ग्रुपवर निधनाची बातमी आली होती, सोबत जोडप्याचा फोटो. आम्ही ओळखत होतो फक्त तिला. सगळ्यांनी पटापट हात जोडले. मी तिचा नंबर लावला. “कोण बोलून राहिलं?” मी विचारलं. “चंद्रप्रभाच, मार्तंड. गेले ते माझे मालक. बातमी कुणी वाचलीच न्हाई.” फोन न ठेवताच मी ती जुनी बातमी उघडली; नाव नवऱ्याचंच होतं. “तेव्हा एकाचाही फोन आला न्हाई,” ती म्हणाली, “मी मेल्यावर आला.”