पहिल्याच 'हाय'ला

लग्नाच्या ॲपवर त्याचा 'हाय' येताच सेलिनानं नेहमीचा मजकूर पाठवून दिला. "मी ख्रिश्चन, धर्म बदलणार नाही. नर्सची नोकरी सोडणार नाही. आणि लग्नानंतरही आई माझ्याजवळच राहील."

"अगं, आधी चार गोड गोष्टी तरी बोल!" सुक्या बोंबलांची डोकी मोडता मोडता आई करवादली. "अशानं टिकेल का कुणी?"

खरंच, अकरा जण पळाले होते. पण त्याआधीचा एकजण आठ महिने गोड बोलून शेवटी म्हणाला होता, "नोकरी सोडशीलच ना?" तसलं रडणं सेलिनाला पुन्हा नको होतं.

बाराव्याचं उत्तर लांबलचक आलं. "मी हिंदू. नोंदणी लग्न करू, धर्म कुणीच बदलायचा नाही. मुलांचं काय, ते भेटून बोलू. तुमची रात्रपाळी असेल तेव्हा स्वयंपाक माझा. पण माझे बाबाही माझ्याजवळच राहणार. शेजारी-शेजारी दोन घरं घेतली तर?"

सेलिनानं हसत हसत ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आईचे हात थांबले.

"भेटायचं नंतर ठरव. आधी विचार, शेजारी बोंबील भाजलेले बाबांना चालतील ना?"