मधल्या तुळईवरचा घोडा

स्तूपाच्या तोरणांवरची शिल्पं कागदावर उतरवायची, हे माझं काम. त्या दुपारी दादा मला भेटायला तिथंच आला. घर कायमचं सोडतोय, एवढंच त्याला सांगायचं होतं. मी म्हटलं, "आधी माझ्याबरोबर तीन फेऱ्या मार."

घुमटाभोवतीच्या कठड्याबाहेरच्या फरसबंद वाटेनं, घुमट उजव्या हाताला ठेवून आम्ही निघालो. पूर्वेच्या तोरणापाशी मी त्याला मधल्या तुळईची बाहेरची बाजू दाखवली. राजपुत्र घर सोडून चाललाय, पण तो स्वतः कोरलेलाच नाही. घोड्याची रिकामी पाठ आणि तिच्यावर धरलेलं छत्र, हाच राजपुत्र. एकच घोडा चार वेळा कोरलाय, म्हणजे चालत बघणाऱ्याला तो पुढं सरकताना दिसतो. टोकाला दोन पावलं उमटलेली, आणि तिथून मान खाली घालून परतणारा घोडा.

"वहिनीला सांगितलंस?" मी विचारलं. दादा माझ्या मागून चालू लागला.

दुसऱ्या फेरीत जाणारे घोडे पाच होते. चार महिने मी ती तुळई रोज काढत होते. घोडे चारच होते.

तिसऱ्या फेरीत सहा झाले. सहाव्यावरच्या छत्राची दांडी नुकतीच छिन्नी लागल्यासारखी पांढरी होती.

मला मागं वळून बघवेना. दादाची पावलं पाठीशी वाजत होती, तेवढाच आधार.

"दादा, वहिनीसाठी तरी थांब."

"थांबलोय की," तो म्हणाला.

आवाज पुढून, घुमटाच्या वळणापलीकडून आला. माझ्या मागची पावलं चालतच होती.