फॉरवर्ड केलेला पूर

पार्किंगमधून पाण्याची मोटर वर ओढत नेणाऱ्या आवटी वहिनी दिसल्या आणि बाबर काकांचं डोकंच फिरलं. सकाळपासून त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर वितळत्या हिमनद्या, जळती जंगलं, मेलेले मासे असं जगभरचं धाडलं होतं. एकानंही साधा अंगठा टाकला नव्हता.

"वहिनी, पृथ्वी बुडायला निघालीय! मोटर उचलून ती वाचणार आहे का?"

"पृथ्वी नाही, मोटर वाचेल. तुमची स्कूटरही काढा. नाहीतर व्हा बाजूला."

"आता काही करून उपयोग नाही!" काका करवादले आणि घरी जाऊन पुन्हा मोबाइलला चिकटले.

दुसऱ्या दिवशी नदी पार्किंगमध्ये शिरली. स्कूटरचे नुसते आरसे पाण्यावर दिसत होते. काका जिन्यातूनच ओरडले, "धरणाचं पाणी सोडलंय, हे एकालाही सांगावंसं वाटलं नाही?"

वहिनींनी आपला मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. हिमनदी आणि जंगलाच्या मधोमध कालचा संदेश होता: 'धरणातून विसर्ग वाढवला आहे. उद्या सकाळपर्यंत नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरेल. वाहने, पाण्याच्या मोटरी उंचावर हलवा.'

पाठवणारे, बाबर काका.

"बाकीचं मी उघडतसुद्धा नाही, हातपाय गळतात. सकाळ-संध्याकाळ धरणाचं तेवढं बघते आणि कामाला लागते," वहिनी म्हणाल्या. "काल तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, काका. तुम्ही तेवढे राहिलात."