दोन रकातींची पाहुणी

"बांधलंस दोन नमाजांचं गाठोडं?" सासूने दारातूनच टोला हाणला.

सून नमाज पढून जानमाजची घडी घालत होती. ती सिस्टर होती, अपघात विभागातली. संध्याकाळची मगरीब झाली की लगेच रात्रीची इशाही पढून रात्रपाळीला पळायची. एकदा वॉर्डात शिरलं की नमाजेला सवड कुठली!

"आमच्यात असं दोन वेळांचं एकत्र चालत नाही बाई."

"मुफ्तीसाहेबांना विचारलंय, अम्मी. काही इमामांनी मुभा दिलीय. खरीच अडचण असेल त्या रात्री, सवय करायची नाही. आणि मी जोडते, कापत नाही. मगरीबच्या तीन रकाती, इशाच्या चार, पुऱ्या. कापता तुम्ही! चाराच्या दोन."

सासूला मिरची झोंबली. पण खोटं कुठे होतं? ती लांबच्या गावाहून आलेली, म्हणजे प्रवासी. रकात म्हणजे नमाजेचं एक आवर्तन; प्रवाशाला चार रकातींच्या नमाजेत दोनच. पंधरा दिवस राहायचं मनात पक्कं केलं की सूट संपली. मात्र उद्या निघू, परवा निघू करत माणूस वर्षभर अडकला तरी प्रवासीच. नातवाला दात आले, तो रांगायला लागला, तरी हिचं उद्या-परवा संपेना. बॅग भरून दाराशी.

त्या बॅगेनेच सुनेचा जीव टांगलेला. नवरा ट्रक घेऊन कायम बाहेर. मेट्रनने बजावलेलं, "रात्रपाळी कायम घेणार की नाही ते उद्यापर्यंत सांग. नाहीतर तुझ्या जागी दुसरी." रात्री बाळाला बघणार कोण? सासूने "राहते" म्हणायला हवं होतं. सुनेने "राहा" म्हणायला हवं होतं. दोघींची नाकं सारखीच वर.

दुसऱ्या दिवशी सून झोपून उठली तेव्हा सासू असर, दिवस कलतानाची चार रकातींची नमाज, पढत होती. बाळ तिची ओढणी ओढत होतं. दोन रकाती झाल्या, सासू बसली. आता सलाम फेरून नमाज संपवणार. पण ती उभी राहिली. तिसरी झाली. चौथीही झाली.

सुनेला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सापडली एकदाची! सलाम फिरताच ती म्हणाली, "अम्मी, चुकलात! चार पढलात!"

"मला चारपर्यंत मोजता येतं," सासू म्हणाली. "ती बॅग माळ्यावर टाक. दाराशी पायात येते."

सुनेने बॅग माळ्यावर टाकली. मग डोळे पुसून तिने मेट्रनला फोन लावला.

"घेते रात्रपाळी."

"आणि बाळ? घरी तर पाहुण्या आहेत म्हणत होतीस."

"पाहुण्या आत्ताच गेल्या, मॅडम. सासूबाई आल्यात."