वळणावरची नाडी

जीपचं मागचं चाक कड्याच्या कडेवरून घसरलं. दरीत दगड गडगडले. चारुलताने डोळे मिटून पवनचा दंड घट्ट धरला. त्याने गियर बदलला, जीपने हिसका दिला आणि चाक पुन्हा रस्त्यावर आलं.

मोलगीहून तळोद्याला उतरताना पुढची जागा दवाखान्यातल्या चारुलता सिस्टरची, हे सगळ्या प्रवाशांना ठाऊक होतं. दर शनिवारी ती पवनशेजारी बसे, दर शनिवारी या वळणावर जीव मुठीत धरावा लागे आणि वळण सरलं की तोच जीव त्याच्यावर जडे. हेच प्रेम, असं तिने मनाशी धरलं होतं.

वळणाखाली पवनने इंजिन थंड करायला जीप थांबवली. लोक पाणी प्यायला उतरले.

"घरना लोकेसले उद्या तुन्हा बापकडे मागणी घालाले धाडू का?" त्याने विचारलं.

'हो' अगदी ओठांवर आलं. भीती केव्हाच गेली, असं तिला वाटत होतं. छाती मात्र अजून धडधडत होती, तळहात ओले होते, तोंडाला कोरड पडली होती. सवयीने तिची बोटं स्वतःच्या मनगटावर गेली. नाडी सुसाट.

परवा दवाखान्यात एक बाई आली होती, तिच्या समोरून बिबट्या गेला होता. बिबट्या जाऊन बराच वेळ झाला तरी तिची नाडी अशीच पळत होती. चारुलता चपापली. छाती नुसती धडधडते. कशासाठी, ते सांगत नाही. मन कारण शोधतं आणि जवळ जो देखणा माणूस असेल त्याच्या नावावर खपवतं. आणि आठवडाभर वर मोलगीच्या खोलीत निवांत असताना पवनची आठवण तिला कधी आली होती?

तिने त्याचं मनगट धरलं. नाडी संथ.

"तुले भ्याव नई वाटस?"

"रोजनी वाट शे," तो हसला. "मंग, काय सांगू घर?"

"तळोद्याले सांगसू."

तळोद्यात स्टँडजवळच्या टपरीवर दोघं बसले. रस्ता सपाट, ऊन कोवळं, चहा गोड. तिने हळूच स्वतःची नाडी पाहिली. शांत. पवनकडे पाहिलं. चांगला मुलगा होता. एवढंच. तिला वाईट वाटलं, फार वाईट.

"आते सांग," तो म्हणाला.

नाही म्हणण्याआधी धीर द्यावा म्हणून तिने त्याचा हात हातात घेतला. बोटं आपसूक मनगटावर गेली.

दरीच्या काठावर न हललेली त्याची नाडी सपाट रस्त्यावर सैरभैर धावत होती.