दबा धरलेलं मांजर

मांजर भिंतीखाली होतं आणि पुढच्याच क्षणी भिंतीवर. मधली उडी गायब.

टिटवीनं गणिताच्या वहीचा कोपरा पुन्हा अंगठ्याखालून सोडला. फर्रर्र. तेच. शेवटच्या पानापासून सुरुवात करून, खालचं मांजर वरच्या पानातून दिसेल तसं गिरवत, दर वेळी जरासं पुढे सरकवत तिनं पानांच्या कोपऱ्यांत ती उडी काढली होती. मान मोडली होती तिची. आणि आता कुणीतरी पानंच पळवली.

कुणीतरी म्हणजे कोण? काल मधल्या सुट्टीत वही दुर्बिणीकडे होती. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे वर्गानं ठेवलेलं नाव. दोघी पहिलीपासून एका बाकावर. टिटवी तिच्याकडे टक लावून बघत राहिली. डबा खाताना, फळ्यावरचं उतरवताना, पाणी पितानासुद्धा. शेवटी तिनं सांगून टाकलं, की मांजराची पानं दुर्बिणीनंच पळवलीत आणि उद्या ती बाईंकडे बाक बदलून मागणार आहे.

दुर्बिणीनं वही ओढली आणि पिना असतात तिथं, बरोबर मध्यावर उघडली. मग पुढची पानं चाळत थांबली.

"इथली दोन कुणी फाडली?"

लाल फुल्यांनी भरलेली ती दोन पानं आईच्या नजरेला पडू नयेत म्हणून टिटवीनंच फाडली होती.

"पुढचं पान फाडलं की त्याचं जोडीदार पान मागून निसटतं, शहाणे. दप्तर उपडं कर."

दप्तराच्या तळाशी, बिस्किटांच्या चुऱ्यात, दोन सुटी पानं निघाली. दोन्हींच्या कोपऱ्यात हवेत लोंबकळणारं मांजर.

टिटवीनं ती जागच्या जागी खोचली. फर्रर्र. मांजर फुग्यासारखं तरंगत वर गेलं. काढून घेतली. मांजर झपकन वर! आणि हीच उडी खरी वाटत होती. चित्रं कमी झाली की मांजर पळतं. मग वाढवली तर?

तिनं खोडरबर घेतलं. उडीआधी मांजर चालत यायचं त्यातली शेवटची चार पानं पुसली आणि चारही पानांवर एकच मांजर गिरवलं. अंग दुमडलेलं, मान वर, शेपटीचं टोकही न हललेलं. हे तर आळशीपणाचं काम झालं, असं तिला वाटत होतं. माफी मागायच्या ऐवजी तिनं वही दुर्बिणीपुढे सरकवली.

दुर्बिणीनं अंगठा सोडला. मांजर आलं. थांबलं. नुसतं बघत राहिलं. मग झपकन गेलं.

दुर्बिणीनं पुन्हा सोडला. पुन्हा. मग चष्मा वर सरकवून म्हणाली,

"आज दिवसभर तू माझ्याकडे अशीच बघत होतीस."